डावीकडचा पोलीस

हाजी बदरान निर्माता होण्याआधी धान्याचा व्यापारी होता आणि सिनेमाही तो पोत्यात हात घालून मूठभर माल बाहेर काढावा तसाच तपासायचा. जोडलेलं दृश्य बघायला बसला की गलबियाच्या, म्हणजे पायघोळ अंगरख्याच्या, खिशातून भाजलेल्या कलिंगडाच्या बियांची पुडी काढायचा आणि अंधारात एकेक बी दाताखाली फोडायचा. बिया फुटत राहिल्या म्हणजे दृश्य पडलं. थांबल्या म्हणजे उभं राहिलं. परदेशात शिकून आलेले दिग्दर्शक याला खाजगीत हसायचे आणि प्रत्यक्षात त्याच्या मागच्याच खुर्चीवर बसून कान टवकारायचे. मी वगदी, आवाज जोडणारा माणूस. माझ्या आयुष्यात मी कैरोतल्या नामवंतांची बरीच मतं ऐकली, पण हाजीच्या बियांइतकं प्रामाणिक मत दुसरं आठवत नाही.

माझ्या शेजारची खोली मादाम इनायातची. आमच्याकडे फिल्म कापण्या-जोडण्याचं काम पहिल्यापासून बायकांकडे जास्त. कारण विचारलं की पुरुष सांगायचे, ते शिवणकामासारखं असतं. हे सांगणाऱ्यांपैकी कुणीही सदऱ्याचं बटण कधी शिवलेलं नव्हतं. मादाम इनायात उंच, किंचित वाकलेली, गळ्यात दोरीला चष्मा आणि त्यावर फिल्मच्या दोन-चार पट्ट्या कायम लोंबत असलेल्या. लग्न केलं नव्हतं. नातेवाईक त्याबद्दल हळहळायचे, ती मूव्हिओलाच्या, म्हणजे छोट्या पडद्याच्या फिल्म जोडणाऱ्या यंत्राच्या, टेबलाशी बसून दुसऱ्यांची लग्नं जुळवायची आणि मोडायची. बोटात एक चांदीची अंगठी होती. दृश्य जोडताना ती त्या अंगठीनं टेबलाच्या कडेवर ठोके द्यायची. भिंतीपलीकडून मला नुसत्या ठोक्यांवरून कळायचं की आज प्रेमप्रसंग चाललाय की मारामारी. दोन्हींत फरक वाटतो त्यापेक्षा कमी असतो.

अतिय्या शनवानी तिच्याकडे वारंवार यायचा. अतिय्या म्हणजे हिरोच्या ऐवजी पडणारा माणूस. जिन्यावरून, घोड्यावरून, ट्रामच्या टपावरून, आणि एकदा नाईलमध्ये, जानेवारीत. देशातल्या चार मोठ्या हिरोंची पाठ म्हणजे अतिय्याची पाठ होती. चेहरा मात्र कुणाला माहीत नव्हता, कारण तो कॅमेऱ्याकडे वळू लागला की मादाम इनायात तिथेच कापायची. पडदाभर अतिय्या धावायचा, मान वळवायला लागायचा, आणि मान पुरी वळली की ती हिरोची असायची. जोड कुठे आहे ते कुणाला कळायचं नाही, कारण हालचाल मध्यावर असतानाच ती कापायची. हालचाल सुरू असली की डोळा तिच्या मागे जातो, चेहऱ्याची चौकशी करत नाही.

तो दारात येऊन विचारायचा, "काय मादाम, आज किती वेळा मुंडकं उडवलंत?"

ती मान वर न करता म्हणायची, "मोजलं नाही. तू जरा कमी वळत जा म्हणजे माझी कात्री वाचेल."

"घरी रतिबाची तक्रार उलटी आहे. म्हणते, हा माणूस तोंडच दाखवत नाही."

रतिबा त्याची बायको. ती आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, निगेटिव्ह कापायची. मादामनं वर कामाच्या प्रतीवर जे ठरवलं ते खाली मूळ निगेटिव्हवर उतरवायचं हे तिचं काम. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे जुळवायचे, त्या आकड्यांचा डबा उघडायचा, पांढरे हातमोजे घालून नेमका तेवढा तुकडा कापायचा. कामाच्या प्रतीवर चुकलं तर चिकटपट्टी काढून परत जोडता येतं. निगेटिव्हला ती सवलत नाही. जोड देताना शेजारची फ्रेम खरवडावीच लागते, ती मरते. त्यामुळे रतिबा फार कमी बोलायची आणि हात उचलण्याआधी फार विचार करायची. तिनं अतिय्याला पहिल्यांदा पाहिलं तेही निगेटिव्हवर. पांढरे केस, काळे दात, काळा चेहरा. ती सांगायची, मला वाटलं म्हातारं भूत आहे, म्हणून हो म्हटलं, जास्त दिवस टिकणार नाही. हा विनोद ती लग्नानंतर वीस वर्षं करत होती. पुढे तो तिनं बंद केला.

त्या वर्षी हाजी बदरानच्या सिनेमात गच्च्यांवरचा पाठलाग होता. हिरो चोर, चांगल्या मनाचा, जसे आमच्या सिनेमात सगळे चोर असतात. मागे पोलीस. जुन्या वस्तीतल्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, कबुतरांच्या लाकडी ढाबळी, आणि शेवटी एका गल्लीवरून पलीकडच्या गच्चीवर उडी. हिरोनं गच्चीवर चढायला नकार दिला. त्याची जवळून घेतलेली दृश्यं स्टुडिओत, रंगवलेल्या आभाळासमोर घेतली. बाकी सगळं अतिय्यानं केलं. उडी शेवटच्या दिवशी होती. एक कॅमेरा बाजूला, एक खाली गल्लीत. गल्लीत रिकामे खोके आणि गाद्या रचलेल्या. कठड्यावर त्या सकाळी कुणीतरी धुणं पिळलं होतं. पाय निसटला. अतिय्या पलीकडे पोचला नाही, आणि खोक्यांच्या ढिगाच्याही कडेला पडला. खालचा कॅमेरा चालू होता.

दवाखान्यात दोन दिवस होता. मग नाही.

आम्ही सगळे इम्बाबात त्याच्या घरी गेलो. आमच्याकडे अशा वेळी म्हणतात, त्याचं उरलेलं तुझ्या आयुष्याला लागो. प्रत्येकजण रतिबासमोर वाकून हेच म्हणत होता आणि ती प्रत्येकाला तेच परत म्हणत होती. वर गच्चीवर त्याची कबुतरं होती. शेजारचा एक माणूस शीळ घालून त्यांना उतरवायचा प्रयत्न करत होता. त्याच्या शिळेला ती उतरत नव्हती.

मयताचा चाळिसावा दिवस व्हायच्या आधीच रतिबा कामावर आली. काळे कपडे, त्यावर कामाचा पांढरा कोट. काळी लोकरीची शाल तिला दाराबाहेर खुंटीला लावून ठेवावी लागायची, कारण निगेटिव्हच्या खोलीत लोकरीचा एक तंतूही चालत नाही. सुतक दाराबाहेर ठेवून ती आत जायची आणि सुटी झाली की परत अंगावर घ्यायची. दुसरी एक निगेटिव्ह कापणारी होती. तिनं सांगून पाहिलं, या सिनेमाचं मी करते, तू दुसरं घे. रतिबा म्हणाली, त्याचं दुसऱ्या कुणी कापायचं नाही.

इथवर फक्त दुःख होतं. मग हाजी बदरानला कल्पना सुचली.

तो वाईट माणूस नव्हता. अतिय्याच्या मयताचा सगळा खर्च त्यानं केला होता, मांडवात स्वतः उभा राहून कॉफी वाटली होती. पण त्याच्यासमोर अर्धा पाठलाग होता. चोर उडी मारतो, आणि पुढे काहीच नाही. पलीकडे पोचल्याचं चित्रच नव्हतं, कारण कुणी पोचलंच नव्हतं. दुसरा उडी मारणारा मिळेना. वस्तीनं गच्च्यांना कुलपं लावली. एवढंच नाही, गल्लीतून आमची गाडी गेली तर बायका खिडक्या लावून घ्यायच्या. म्हणून हाजीनं सुचवलं की खालच्या कॅमेऱ्यानं घेतलेलं वापरावं. चोर पडतो. पुढच्या प्रसंगात हिरो प्लास्टरमध्ये, इस्पितळात, नर्स हिरॉइन. प्लास्टर स्वस्त असतं. शिवाय, तो म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला, की त्या बिचाऱ्यानं जीव दिलाय, तो वाया कशाला घालवायचा, लोकांनी बघायला पाहिजे.

दिग्दर्शक लुत्फी तरुण होता. त्याला हे पटत नव्हतं आणि पटत नाही हे बोलण्याइतकं वय झालं नव्हतं. तो मादाम इनायातकडे बघत राहिला.

तिनं एवढंच विचारलं, "हे वापरलं तर निगेटिव्ह कोण कापणार, हाजी?"

हाजी मग म्हणाला, त्या दुसऱ्या बाईला सांगू. मादाम म्हणाली, तिला रतिबा हात लावू देणार नाही. तिच्या टेबलावर आकडा आला की ती तो डबा उघडणार, काचेवर फिल्म ठेवणार, आणि नेमकं कुठून कापायचं ते फ्रेम फ्रेम करून बघणार. नवरा किती फ्रेमपर्यंत जिवंत आहे, ते.

हाजीनं पुडी बाहेर काढली, परत खिशात ठेवली. अखेर तडजोड निघाली, आणि ती त्याच्या स्वभावाला धरून होती. मादामनं पडण्याशिवाय पाठलाग पुरा करून दाखवावा. तो बघायला बसेल. बिया थांबल्या तर पडण्याचा तो डबा बंदच राहील. नाही थांबल्या तर डबा उघडायचा.

"तुमच्या शब्दावर मी बिया आणतो," तो म्हणाला. "मादाम, मी ढोंग करणार नाही. मला जमत नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडे ठोके सुरू झाले.

लुत्फीनं आधी स्वतः एक जोडणी केली होती. तरुण माणसं करतात तशी. सगळे तुकडे आखूड, पुढचा मागच्याहून आखूड, शेवटी तर डोळ्यांसमोर नुसती फडफड. मादामनं ते एकदा पाहिलं आणि म्हणाली, सगळंच पळत असेल तर पळतंय कोण? तिनं ते सोडवून सगळे तुकडे खिळ्यांना टांगले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी तिनं अंतर दाखवलं. एका मोठ्या चित्रात दोघंही, चोर उजवीकडे, पोलीस डावीकडे, मध्ये तीन गच्च्या. हे तिनं आरामात ठेवलं, कंटाळा येईल इतका वेळ, म्हणजे मध्ये किती जागा आहे ते डोळ्यात बसावं. मग दोघांना वेगळं केलं. एकदा चोर, एकदा पोलीस. दोघंही डावीकडून उजवीकडेच. एक चांगला तुकडा होता, पोलीस कपड्यांच्या दोरीखालून वाकून धावतो, पण कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेल्यामुळे तो उलट दिशेला जाताना दिसायचा. लुत्फीचा तो लाडका होता. मादामनं काढून टाकला. म्हणाली, हा ठेवला तर लोकांना वाटेल दोघं भेटायला निघालेत.

मग ती हळूहळू चोराचे तुकडे आखूड करत गेली आणि पोलिसाचे होते तेवढेच ठेवले. मला हे आधी कळलं नाही. मी विचारलं, तेव्हा तिनं अंगठीनं वाजवून दाखवलं. ज्याला वेळ कमी मिळतो तो दमतो, ज्याला सारखा मिळतो तो जवळ येतो. पोलीस कुठेही वेगानं धावत नव्हता. त्याचा वेळ फक्त कमी होत नव्हता. मधूनच परत एक मोठं चित्र, दोघं एकत्र, आणि मधल्या गच्च्या आता एकच. उड्या ती पाय हवेत असताना कापायची. पाय एका तुकड्यात उचलला जायचा, दुसऱ्यात टेकायचा, आणि मध्ये जे नव्हतं ते बघणारा स्वतः भरायचा.

शेवटची अडचण उडीची. तिच्या आधी चोरानं मागे वळून बघणं गरजेचं होतं. तो वळला नाही तर मागचा माणूस किती जवळ आला ते लोकांच्या पाठीला जाणवत नाही. हिरोचं वळून बघणं स्टुडिओत घेतलेलं होतं. रंगवलेल्या आभाळासमोर हिरो मागे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जेवण आलं का एवढाच प्रश्न होता. मादामनं ते लावून पाहिलं. काढलं. परत लावलं, आखूड करून. परत काढलं. त्या दिवशी दुपारभर ठोके ऐकू आले नाहीत.

मग एका सकाळी तिनं मला बोलावलं आणि त्या जागी श्वासाचा आवाज घालू नको म्हणून सांगितलं. मी का म्हणून विचारलं, तर तिनं टेबलावरचं चाक हातानं फिरवून तो भाग फ्रेम फ्रेम करून दाखवला. पोलीस पडद्याच्या डाव्या टोकाला, पिस्तूल वर येतंय. मग उजव्या टोकाला, पाण्याच्या टाकीशी, वळलेला चेहरा. मग परत पोलीस, डावीकडेच, पिस्तूल आणखी वर. मधला तुकडा सेकंदाचा तिसरा हिस्साही नव्हता. आणि चेहरा अतिय्याचा होता.

दाढी वाढलेली, तोंड उघडं, डोळ्यांत मागच्याला शोधणारी नजर. मी त्याला ओळखत होतो. मी ते दृश्य त्याआधी दोनदा चालत्या टेबलावर पाहिलं होतं आणि मला तो दिसला नव्हता.

"लुत्फीला?" मी विचारलं.

"त्याला पिस्तूल दिसलं. सगळ्यांना पिस्तूलच दिसणार. डोळा डावीकडे नेऊन ठेवलाय, उजवीकडे जायला वेळ देत नाही. पण कुणीतरी वळलं एवढं कळतं. तेवढंच पाहिजे." मग चष्मा पुसत म्हणाली, "वीस वर्षं मी त्याचं तोंड कापलं, वगदी. एकदा राहू दे."

पुढचं तिनं असं केलं. चोर कठड्याशी थांबतो. इथे इतका वेळ चढवलेली लय तिनं एकदम सोडून दिली. एक लांब तुकडा. पाठ, कठडा, खाली गल्ली. मला सगळे आवाज काढायला लावले, फक्त दूरची कबुतरवाल्याची शीळ ठेवली. मग उडी, बाजूच्या कॅमेऱ्याची, आणि पाय कठड्यावरून सुटला त्या क्षणी कट. ढाबळीतून कबुतरं भर्रकन वर. मग कठड्याशी पोचलेला पोलीस. तो खाली बघतो. त्याचा चेहरा. तेवढंच. किती वेळ ते सांगत नाही, पण नियमांत बसत नाही इतका. तो काय बघतोय ते दाखवायचं नाही. मग पोलीस मान वर उचलतो आणि समोर बघतो. पलीकडची गच्ची. दोरीवर एक चादर हलतेय, नुकतंच कुणीतरी खालून गेल्यासारखी. माणूस नाही.

ती चादर पहिल्या दिवशी कॅमेरावाल्यानं सहज घेतली होती, वारा कसा आहे बघायला.

हाजी बदरान सकाळीच आला. लुत्फी मागच्या खुर्चीवर, मी प्रोजेक्टरच्या खिडकीजवळ, मादाम सगळ्यात मागे, उभी. दिवे गेले. बिया सुरू झाल्या. पहिल्या मोठ्या चित्रात सुरूच होत्या, आणि मला मादामची अंगठी दाराच्या चौकटीवर टेकलेली दिसली, वाजत नव्हती. दोघं वेगळे झाले तशा बिया जरा संथ झाल्या. मोठं चित्र परत आलं, एक बी फुटली. पिस्तूल वर आलं तेव्हा फुटली नाही. कठड्याशी शांतता झाली आणि त्या शांततेत मला हाजीच्या नाकातून जाणारा श्वास ऐकू आला. पोलिसाचा चेहरा. कुणीही हललं नाही. चादर. दिवे लागले तेव्हा हाजीच्या ओठात एक बी तशीच धरलेली होती.

त्यानं मग बी काढून पुडीत परत ठेवली, जे मी आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही.

"पोचला तो," हाजी म्हणाला.

"हो," मादाम म्हणाली.

डबा बंद राहिला. पुढे फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेतून तो कुठे गेला ते मी विचारलं नाही.

कामाची प्रत खाली रतिबाकडे गेली. ती आठवडाभर त्या रिळावर होती. मग एक दिवस ती वर आली, हातमोजे हातात धरून, मादामच्या दारात उभी राहिली. मी तिथेच होतो. तिनं सांगितलं की पाठलागात एक छोटा तुकडा हाताला लागला, वळून बघतानाचा. असे तुकडे तुम्ही ठेवत नाही. चुकून राहिला असेल तर कापण्याआधी विचारावं म्हटलं, कारण एकदा कापल्यावर काही करता येत नाही.

"माझ्याकडून चुकून काही राहत नाही, रतिबा."

रतिबानं मान हलवली. निगेटिव्हवर त्याला परत तसाच पाहिला असणार तिनं, पांढऱ्या केसांचा, काळ्या चेहऱ्याचा. ती म्हणाली, "चादर त्यानं हलवली?"

"त्यानंच."

"बरं," ती म्हणाली आणि खाली गेली.

रतिबा त्याचा सिनेमा बघायला कधी गेली नव्हती. त्यात बघायला असतं काय, पाठ तर घरी आहे, असं म्हणायची. या वेळी ती गेली. सिनेमा लागला त्याच आठवड्यात, दुपारच्या खेळाला, नणंदेला घेऊन, काळ्या कपड्यांत. मादामनं तो दिवस कसा काढला ते मला माहीत आहे, कारण तिनं दिवसभरात एकही तुकडा कापला नाही, नुसत्या पट्ट्या एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर टांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी रतिबा आल्या आल्या वर आली. मादामनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला, तो येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली. मग न राहवून विचारलं, दिसला का?

"नाही."

मादामला ते कळलं नाही असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. तिनं समजावायला सुरुवात केली, की पिस्तूल येतं तेव्हा उजवीकडे बघायचं, टाकीच्या बाजूला. रतिबानं तिला थांबवलं.

"कुठे आहे ते मला माहीत आहे, मादाम. मीच कापलाय. आधीपासून ठरवून बसले होते, आता येईल, आता उजवीकडे. नणंदेला पण सांगितलं. पण मागे तो येत होता ना, पिस्तूल घेऊन. मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हटलं आता पकडतोय. आता पकडतोय. अतिय्याकडे कशी बघणार?" चहा तिनं हातात धरून ठेवला होता. "तुम्ही फार चांगलं केलंत."

हे तिनं मनापासून म्हटलं. तिला टोमणा मारता यायचा नाही, तो अतिय्याचा प्रांत होता. पण मादाम इनायातला इतकं जिव्हारी लागलेलं मी कधी पाहिलं नाही. परीक्षकांनी तिचं काम नाकारलं होतं, निर्मात्यांनी तिच्या पाठीमागे रिळं बदलली होती. हे वेगळं होतं. हे काम बरोबर झालं होतं.

मग तिला जे सुचलं ते फक्त तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल. ती म्हणाली, परत जा, आणि तो भाग आला की डाव्या बाजूवर हात धर. असा, डोळ्यासमोर आडवा. अर्धा पडदा झाक. म्हणजे डोळ्याला जायला दुसरी जागाच राहणार नाही.

रतिबा गेली. एकटीच. चार दिवसांनी आली आणि या वेळी बसली नाही.

"दिसला," म्हणाली. "नीट दिसला. दाढी केली नव्हती त्या दिवशी."

मादामनं हातातली पट्टी खिळ्याला टांगली.

"पण हात धरल्यावर मागे कुणीच नव्हतं. तो कुणाला बघतोय तेच कळेना. एकटाच पळत होता गच्चीवर, कारण नसताना." तिनं शाल सारखी केली. "मला तर पुढचं माहीत आहे. निसरडं होतं तेही माहीत आहे. तसा बघवत नाही, मादाम. त्यापेक्षा मागे पोलीस असलेला बरा. निदान घाबरायला दुसरं काही असतं, आणि चादर हलते."

तिसऱ्यांदा ती हात न धरता बघून आली. मग सिनेमा उतरला.

मादाम इनायातनं कामाच्या प्रतीतला तो तुकडा कापून एका पाकिटात घालून रतिबाला दिला. त्याच्यात अतिय्याचं डोकं मसुरीच्या दाण्याएवढं होतं. रतिबानं घेतला, पण ती घरी काय करते त्याचं, हे आम्ही विचारलं नाही. कबुतरं तिनं शेजाऱ्याला दिली. त्याची शीळ त्यांना आता सवयीची झाली होती.

पुढे मादामला सिनेमाच्या संस्थेत शिकवायला बोलावू लागले आणि दर वर्षी मुलं हाच पाठलाग मागायची. तोवर तो प्रसिद्ध झाला होता. हिरोनं तर एका मुलाखतीत ती उडी कशी मारली ते सांगितलं होतं, बारीकसारीक तपशिलांसह, आणि मला वाटतं त्याला स्वतःला ते खरं वाटत होतं. मादाम दृश्य दाखवायची आणि शेवटी विचारायची, अनोळखी चेहरा कुणाला दिसला? कुणाचाही हात वर होत नसे. ती शाबास म्हणायची आणि अंतर, दिशा, वेळ हे सगळं समजावून सांगायची.

ती निवृत्त व्हायच्या वर्षी मी एकदा मागे जाऊन बसलो होतो. मुलांनी दृश्य परत लावायला सांगितलं. तिनं लावलं आणि स्वतः टेबलाच्या छोट्या पडद्याशी वाकून बसली. गच्च्या आल्या, मधलं अंतर कमी झालं, अंगठी कडेवर वाजत होती. पिस्तूल वर येऊ लागलं तेव्हा वाजायची थांबली. मुलं सगळी डावीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून मला तेवढंच दिसलं, की तिनं पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागावर हात ठेवला होता.